चांभाराच्या घरचा पाहुणा

फेस्ताला बाहेरून येणारा फादर कुठे उतरायचा, हा प्रश्न आमच्या गावात कधी पडतच नसे. तो आमच्याकडे उतरायचा. मालवणच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागून असलेल्या गावात आमचं चौसोपी घर होतं. ओसरीवर शिसवी खुर्ची होती आणि माजघराच्या बाजूला एक खोली वर्षभर बंद असायची, ती 28 नोव्हेंबरला झाडून घ्यायची. 29 तारखेपासून नऊ दिवस नोव्हेना आणि 8 डिसेंबरला सायबिणीचं फेस्त. ज्या वर्षाची ही गोष्ट, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा निराळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं कोपेल तेव्हा पुणे धर्मप्रांतात मोडायचं. सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुढे 2005 साली झाला.

गावात ख्रिस्ती माणसांचे वाडे दोन, असं सगळे सांगायचे. वरचा वाडा आमचा, भाटल्यांचा, म्हणजे माडबागा आणि शेत असलेल्यांचा. खाली वेळेवर खारव्यांचा वाडा. दोन्हींत मोजली न जाणारी तीन घरं कोपेलाच्या मागच्या बाजूला, ओहोळापलीकडे होती. त्यांच्या पणजोबांनी मेलेली ढोरं ओढली होती आणि कातडी कमावली होती. नातवंडं आता रापणीवर जात, मुंबईला गोदीत जात, पण घरांचं नाव 'मागची घरां' ते 'मागची घरां'च राहिलं. कोपेलात पुढचे बाक वरच्या वाड्याचे, त्यामागचे खारव्यांचे, आणि मागच्या घरांतली माणसं दाराशी, पवित्र पाण्याच्या कुंडाजवळ उभी राहत. बसू नका असं त्यांना कोणी म्हणत नव्हतं. ती बसत नव्हती एवढंच.

फेस्ताचा कारभार कोन्फ्रारीकडे होता. गोव्याहून आलेली ही जुनी संस्था. पुर्सांवाच्या दिवशी कोन्फ्रारीचे लोक पांढऱ्या झग्यावर तांबडी शाल घालून साक्रामेंताच्या छत्राचे दांडे धरत. त्या शालीला ओपमुर्स म्हणतात. ओपमुर्स चार घरांतच फिरायची. गोव्यात बाप्तिस्मा घेतलेल्या बामणांनी, चारड्यांनी आणि सुदिरांनी आपापली पायरी बरोबर नेली. जिथे धर्म पोचला तिथे ती पायरीही पोचली. गोव्यातल्या ओरेटरीत, म्हणजे 2015 साली संतपदी गेलेल्या जोसेफ वाझांच्या मठात, कित्येक पिढ्या फक्त बामण ख्रिस्तीच घेतले जात. आम्ही तर खेडेगावातली माणसं. आमचे आजोबा कोन्फ्रारीचे खजिनदार होते आणि नोव्हेनाचे नऊ दिवस कोणाचे हे त्यांच्या वहीत लिहिलेलं असे. पाच दिवस वरच्या वाड्याचे, चार खारव्यांचे. नवात दहावा कसा बसवायचा, असं ते हसत म्हणायचे.

त्या वर्षी आलेला फादर तरुण होता, हडकुळा, चपलेचा पट्टा दोऱ्याने शिवलेला. संध्याकाळच्या एसटीने उतरला, आमच्या ओसरीवर चहा घेतला, आणि कप खाली ठेवत म्हणाला, "मी मागच्या घरांत राहीन म्हणतो."

आजोबांना वाटलं, त्याचा पत्ता चुकलाय. "खोली झाडून ठेवलेली आसा, फादर."

"ती दिसली. पण बायबलात दुसरी सोय लिहिली आहे," तो म्हणाला आणि पिशवी उचलून निघालाच. त्याला वाट दाखवायला आजोबांनी मला पाठवलं.

ओहोळापलीकडच्या पहिल्या घरात एक म्हातारी राहायची. आम्ही पोरं तिला नुसतं 'मावशे' म्हणायचो. मोठ्या माणसांना तिला हाक मारायची वेळ येत नसे. फादराला दारात बघून ती आधी घाबरली. "आमच्याकडे? आमच्याकडे गादी नाय, फादर. संडास पण नाय." फादर म्हणाला, चटई चालेल. तिने चटई झटकली, आणि मग बराच वेळ तीच चटई झटकत राहिली.

पहिल्या रात्रीच्या सेर्मांवात त्याने ती सोय कुठे लिहिली आहे ते सांगितलं. मी ते शब्दशः आठवून सांगत नाही, पण गाभा पक्का लक्षात आहे, कारण त्या रात्री आमच्या घरी कोणी नीट जेवलं नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र यापो नावाच्या बंदरात येतो आणि तिथे बरेच दिवस मुक्काम करतो. कोणाकडे? शिमोन नावाच्या माणसाकडे. मराठी बायबलात त्याचा धंदा सरळ लिहिला आहे, चांभार. मूळ शब्दाचा अर्थ कातडी कमावणारा. पुढच्या अध्यायात देवदूत कर्नेल्य नावाच्या रोमी सेनाधिकाऱ्याला पेत्राचा पत्ता देतो, तेव्हा तोही तसाच देतो: शिमोन चांभाराचं घर, समुद्राकाठचं. "देवदूताला दुसरी खूण सापडली नाही का? गल्ली सांगता आली असती, झाड सांगता आलं असतं," फादर म्हणाला. "त्याने धंदा सांगितला. पेत्राला ज्या घराबद्दल संकोच वाटावा त्याच घराच्या नावाने त्याला बोलावणं आलं."

मग त्याने त्या घराची जागा समजावली. समुद्राकाठी घर म्हटलं की आपल्याला माडाची सावली आठवते. कातडी कमावणाऱ्याचं घर समुद्राकाठी असे ते पाण्यासाठी आणि वासासाठी. ज्यू धर्मशास्त्रींची मिश्ना नावाची संहिता इसवी सन 200 च्या सुमारास लिहून झाली. तिच्यात नियमच आहे की मेलेली ढोरं, कबरी आणि कातडी कमावण्याची जागा गावापासून 50 हात लांब ठेवायची आणि तीही पूर्वेच्याच बाजूला, वारा गावावर येऊ नये म्हणून. त्याच संहितेत आणखी आहे की नवरा कातडी कमावणारा असेल तर बायकोला काडीमोड मागता येतो, आणि लग्नाआधी तिला ते ठाऊक होतं म्हणून तो हक्क जात नाही. सोसेन असं वाटलं होतं, आता सोसवत नाही, असं ती म्हणू शकते. अशा माणसाच्या छपराखाली पहिला पोप चटईवर झोपला. त्याच घराच्या गच्चीवर त्याला दृष्टान्त झाला. आभाळातून चादर उतरली, तिच्यात सगळ्या जातीचे जीव होते आणि वरून आवाज आला, मी शुद्ध केलेलं तू विटाळ म्हणू नकोस. "दृष्टान्त व्हायच्या आधी पेत्र त्या घरात राहायला गेला होता, हा क्रम ध्यानात घ्या," असं म्हणून तो थांबला. "आधी चटई, मग चादर."

आमच्या कोपेलाच्या मागच्या भिंतीपासून मावशेचं घर किती लांब, ते मी दुसऱ्या दिवशी हाताने मोजायला गेलो होतो. ओहोळापर्यंत 41 हात झाले आणि पुढे पाणी होतं.

आजोबा शिकलेले होते. घरी भांडण करायचं तर तेही शास्त्रानेच करत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फादराला ओसरीवर गाठलं. म्हणाले, सगळे देवाची लेकरं हे मान्य, पण मंडळी म्हणजे एक शरीर, असं पौलानेच करिंथकरांना लिहिलं आहे. हात तो हात, पाय तो पाय. पायाने डोक्यावर बसायचं नसतं. फादर म्हणाला, "तोच अध्याय चार ओळी पुढे वाचा. जे अवयव आपण हलके समजतो त्यांनाच जास्त मान द्यायचा, देवाने शरीर तसंच जुळवलंय, असं पौल म्हणतो. डोक्याने पायाला तुझी गरज नाही म्हणायचं नाही, हेही तिथेच आहे." आजोबा गप्प झाले. आज वाटतं, त्यांनी ते शरीर पौलाकडून घेतलंच नव्हतं. तोंडापासून ब्राह्मण आणि पायापासून शूद्र हे दुसरं, जुनं शरीर आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून कोरडंच बाहेर काढलं होतं, आणि पौलाचं पत्र वाचताना डोळ्यापुढे तेच यायचं.

आजोबांना एक गोष्ट मात्र छळत असावी, कारण ती ते स्वतःच पुन्हा पुन्हा काढायचे. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धन मेलेली गुरं सोलतात, हे त्यांनी तरुणपणी ऐकलं होतं. जातीने ब्राह्मण. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितलं आणि दिलं नाही म्हणून अन्न कमी केलं, तेव्हा येरवड्यात गांधींनीही त्यांच्यासाठी उपास धरला होता. "तो हिंदू बामण," आजोबा म्हणायचे, "तेका कोणी सांगितलेला?" त्यांच्या मनात बहुधा असं होतं की आम्हाला तर सांगितलेलं आहे.

दिवस जात होते. गावाची गंमत अशी झाली की ज्याला कन्फेसांव करायचं, मिस सांगायची, आजाऱ्याला भेटायला बोलवायचं, त्या प्रत्येकाला ओहोळ ओलांडून मावशेच्या अंगणात जावं लागलं. वरच्या वाड्याच्या बायका उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलत. खारव्यांचे तांडेल येत आणि तेही उभेच राहत. हे सांगायला हवं, कारण वरच्या वाड्याला नावं ठेवली की गोष्ट सोपी होते. खारव्यांना आमच्या विहिरीवर दुसरी घागर लागायची आणि त्याच खारव्यांच्या घरात मागच्या घरांना दुसरा कप होता.

रात्री मावशे फादराला पेज वाढायची आणि गोष्ट पुढे विचारायची. मी तिथेच घुटमळत असे. "मगे पेद्रूचा काय झाला? तो थयच रवलो?" फादराने सांगितलं, तो तिथून कर्नेल्याच्या घरी गेला, परक्यांबरोबर जेवला, मग अंत्युखियातही परराष्ट्रीयांच्या पंगतीत बसायला लागला. पण यरुशलेमहून याकोबाच्या गोटातली वजनदार माणसं आली, तसा पेत्र हळूच त्या पंगतीतून उठला. त्याला भीती वाटली. त्याचं बघून बाकीचे ज्यू ख्रिस्तीही उठले, भला माणूस बर्णबा, तोसुद्धा. तेव्हा पौलाने सगळ्यांसमोर त्याला तोंडावर धरलं.

मावशेने विचारलं, "पेद्रू काय बोललो?"

"ते पौलाच्या पत्रात लिहिलेलं नाही," फादर म्हणाला.

7 तारखेला, वेस्पराच्या दिवशी, पाहुणे आले. मुंबईचे आमचे काका, गोव्याहून दोन वडीलधारे पाद्री, त्यातला एक या फादराचा सेमिनारीतला गुरू. आजोबांनी डुकराचं सोरपोतेल केलं होतं. फादराला निरोप गेला की गुरुजी आठवण काढतायत, आज जेवायला आणि झोपायला इकडेच या, उद्याच्या मिसीचं ठरवायचं आहे. तो आला. ओसरीवर बसला, हसला, वाइन घेतली. आणि रात्र झाली तेव्हा आजोबांनी मला हळूच सांगितलं, "जा, फादराची पिशवी घेऊन ये."

मी गेलो. मावशेने पिशवी भरून ठेवली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातला त्याचा झगा घडी करून पिशवीत घातला. "मुडदुशे तळलेले आसत म्हणून सांग फादराक," ती म्हणाली. "झाकून ठेवतंय." मी पिशवी आणली. मुडदुशांचं मी सांगितलं नाही. फादर बंद खोलीत झोपला, गादीवर.

पहाटे वेळेवर रापण लागली होती. होडीने जाळं अर्धगोल टाकलं की दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांत पाय वाळूत रोवून ओढतात. दोन-दोन तास. रापणीचं जाळं एकाचं नसतं, घराघरांतले तुकडे जोडून ते होतं, आणि पाण्यात गेल्यावर कोणाचा तुकडा कुठला हे कोणी विचारत नाही. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला तरी त्याला मूठभर मासळी मिळते. फादर किनाऱ्यावर फिरायला आला होता, त्यानेही दोर धरला. खोळ वर आली तेव्हा तारल्या होत्या, पेडवे, थोडे बांगडे, दोन केंड आणि पुष्कळ कचरा. त्याच्या ओंजळीत कोणीतरी चार बांगडे टाकले.

मासळी वेचायला आलेल्या बायकांत मावशे होती. तो तिच्याकडे गेला आणि बांगडे पुढे केले. तिने टोपलीत घेतले. मग वर न बघता, अगदी साध्या आवाजात, विचारलं:

"पेद्रू पण उठून गेल्लो मा, फादर?"

फेस्ताच्या मिसीला कोपेल भरलं होतं. पुढे पाहुणे, ओपमुर्सवाले तांबड्या शालीत, दाराशी कुंडाजवळ मागची घरं. सेर्मांव ठरलेला होता सायबिणीच्या गुणांवर. फादर वेदीसमोर आला आणि गलतीकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला. अंत्युखियाची गोष्ट सांगितली. पेत्र दुष्ट नव्हता, असं तो म्हणाला. गच्चीवर चादर बघितलेला माणूस होता. त्याचं मत पालटलं नव्हतं, फक्त वजनदार पाहुणे आले होते. जात मनात नसली तरी चालते, तिला पाहुण्यांची लाज पुरते. पौल त्याला तू चुकीचं मानतोस असं म्हणाला नाही. तू सरळ चालत नाहीस, असं म्हणाला.

"आठ रात्री मी या गावात शिमोनाच्या घरी होतो. काल रात्री माझे गुरू आले आणि मी उठलो. एका घरात माझ्यासाठी मुडदुशे तळून झाकून ठेवले होते." इथे तो थांबला. मी बाकाखाली बघत होतो. मुडदुशांचं त्याला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. "पौलाने पेत्राला सर्वांसमोर विचारलं. मला आज पहाटे रापणीवर विचारलं गेलं, आणि विचारणारीने ते हळू विचारलं, माझी अब्रू राखून. म्हणून मी ते मोठ्याने सांगतो आहे. पेत्राचं उत्तर पत्रात नाही. माझं उत्तर असं की मी उठून गेलो, आणि ते पाप होतं."

मग तो थोडा कठोर झाला. मत्तयात जाळ्याचा दाखला आहे, तो म्हणाला, आणि तिथलं जाळं म्हणजे किनाऱ्यावर ओढायची रापणच. तिच्यात सगळ्या तऱ्हेचं येतं. निवड शेवटी देवदूत करणार. जाळ्यातल्या बांगड्याने तारलीची निवड करायची, असं त्या दाखल्यात कुठे नाही. म्हणून आज छत्राचे दांडे शाल घातलेले धरणार नाहीत. शाल काढून ठेवा, आणि मागून जो पुढे येईल त्याने दांडा धरावा.

कोणी पुढे आलं नाही.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टींत या ठिकाणी सगळं कोपेल रडायला लागतं. आमच्याकडे वरच्या वाड्यातली सात-आठ माणसं उठून बाहेर गेली, त्यांत काका होते. मागच्या घरांतली माणसं होती तिथेच उभी राहिली. कोणी तरी हाक मारली म्हणून इतक्या वर्षांनी पाय उचलत नाहीत, आणि उद्या फादर जाणार, गाव राहणार, हे त्यांना फादरापेक्षा जास्त कळत होतं. शेवटी त्याचे गुरू, म्हातारे पाद्री, स्वतः उठले आणि त्यांनी एक दांडा धरला. दुसरा एका खारव्याच्या पोराने. उरलेले दोन दांडे रिकामे होते, त्यामुळे छत्र एका बाजूला झोळीसारखं लोंबत होतं आणि पुर्सांव तसाच कोपेलाला फेरी मारून आला.

आजोबा बाहेर गेले नाहीत. त्यांनी ओपमुर्स काढली, घडी केली आणि बाकावर ठेवून तिच्याशेजारी बसून राहिले. दुपारी फेस्ताचं जेवण झाल्यावर ते खोलीत गेले आणि फादराची पिशवी घेऊन बाहेर आले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "मी नेतंय." पिशवी खांद्याला अडकवून ते ओहोळ ओलांडून गेले. मी मागे होतो. मावशे अंगणात सुकट राखत होती. त्यांनी पिशवी तिच्या ओट्यावर ठेवली.

"पेज घेतलास?" तिने विचारलं.

"नको."

"पाणी?"

आजोबा थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "दी." तिने गडू आत जाऊन घासून आणला. घासल्याचा आवाज बाहेर येत होता. आजोबा पाणी वरून प्यायले, गडूला ओठ न लावता. आम्ही सगळे पाणी असंच पितो, आपल्या घरातसुद्धा, त्यामुळे त्यातून काही कळत नाही.

डिसेंबर 2016 मध्ये भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण छापलं आणि अस्पृश्यता मंडळीत आहे हे कबूल केलं, तेव्हा मला तो घासलेला गडू आठवला. आजोबा तोवर गेले होते. त्यांच्या कागदांत कोन्फ्रारीची वही मिळाली. त्या फेस्तानंतरच्या वर्षाच्या पानावर नोव्हेनाचे नऊ दिवस लिहिलेले आहेत. पहिले चार वरच्या वाड्याचे, पुढचे चार खारव्यांचे. नवव्या दिवसापुढे आधी आमच्या घराचं नाव होतं, ते एका रेघेने खोडलं आहे आणि त्याच अक्षरात बाजूला लिहिलं आहे, 'मागची घरे'. अजूनही नववा दिवस त्यांचाच असतो. तांबडी शाल मात्र त्या घरांत अजून गेलेली नाही.